चित्राखालची ओळ

माझ्या नोकरीची सगळी वर्षं एका कागदाच्या आडोशाने गेली. वर्ध्याला कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत मी शिकवायची. मूल शाळेत यायचं तेव्हा त्याच्या फाइलमध्ये श्रवणाचा आलेख असायचा. आम्ही सगळे त्याला चार्टच म्हणायचो. आईबापांना तो समजावून सांगायचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. काम वाईट, पण चार्ट समोर असला की निभावतं. टेबलावर कागद असतो, हातात पेन्सिल असते. मी एकेका खुणेवर टोक ठेवत जायची आणि आईबाप त्या टोकाकडे बघत राहायचे. मीही टोकाकडेच बघायची. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघायची पाळी यायची नाही. सोबतच्या शिक्षिका म्हणायच्या, तुम्ही किती शांतपणे सांगता हो. शांत कसली, कागद होता म्हणून.

निवृत्त झाल्यावर मी गावी परत आले. रोहण्याच्या पुढे आडवाटेला आमचं गाव आहे. वडिलांच्या घरातल्या दोन खोल्या माझ्या वाट्याला आल्या आणि वाटलं, आता कोणाला काही समजावून सांगायचं नाही. भाजी आणायची, पेपर वाचायचा, दुपारी झोपायचं. पण शेजार निवडता येत नाही.

शेजारी भाजीपाला काढणारं घर. वांगी, मेथी, सांबार. शहरात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबार. आठवड्याला आर्वीच्या बाजारात माल जायचा. घरात म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. म्हातारी दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती, त्यामुळे घराचा सगळा कारभार आणि सगळा राग एकट्या म्हाताऱ्याकडे होता. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला बाई. आम्ही दोघंही तोंडाने फटकळ, म्हणून आमचं बरं जमायचं आणि त्याच कारणाने मोडायचंही.

नात गोड होती. कुरळ्या केसांची, धीट, सारखी हसणारी. मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्या अंगणात येऊन तुळशीखालची माती उकरत बसली होती. मी मागून म्हटलं, "काय करून राह्यली वं?" ती उकरतच राहिली. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने म्हटलं. तरी ती वळली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट बघितली आहे, त्याला ती अंगणात बसलेली दिसली तर ओळखू येते.

तिच्या आईनेही ओळखलं होतं. माझ्या खूप आधी. एकदा हातपंपावर ती मला म्हणाली, "काकू, मले भास होते का काय, माहीत नाई. पन हिले ऐकू येत नाई वाटते. मी मांगून बोलली तं पाह्यतच नाई. समोर गेली का मंग हसते." मी विचारलं, "घरात सांगितलंस का?" तर म्हणाली, "वर्षभरापासून सांगून राह्यली. मामाजी काठी वाजवून दाखवतेत."

ती काठी मी पुढे पुष्कळदा पाहिली. बांबूची, खाली लोखंडी शेंबी बसवलेली. ओट्यावर त्यांचं एक लाकडी तखत होतं, नात दिवसभर त्याच्यावर खेळायची. कोणी तिच्या कानांचा विषय काढला की म्हातारा उठायचा, तखताच्या पायावर काठी हाणायचा, धाड! आणि पोरगी गर्रकन वळून त्याच्याकडे बघायची. खुदकन हसायचीसुद्धा, कारण तिला वाटायचं हा खेळ आहे.

"पाह्य! ऐकते का नाई? पाह्य!" म्हातारा सगळ्यांकडे बघून म्हणायचा. मग सुनेकडे वळून, "कान चांगले हायेत पोट्टीचे. तू बोलतच नाई तिच्यासंगं. तोंडाले कुलूप लावून काम करतं तं लेकरू कुठून बोलन?"

त्याचा दुसरा पुरावा तान्ह्या पोळ्याचा होता. लाकडी बैल घेऊन मुलं निघाली तेव्हा ढोल वाजला, आणि ही पोरगी ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांत आधी नाचली होती. अख्ख्या गावाने पाहिलं होतं. बहिरं लेकरू ढोलावर नाचते काय? बिनतोड मुद्दा होता.

मी एकदा बोलले. म्हटलं, "भाऊ, काठीनं कान तपासता येत नाहीत. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे बंद खोलीत तपासतात. बोलायला शिकायचं वय निघून चाललंय." तो म्हणाला, "तुमाले सारी दुनियाच बहिरी दिसते, बाई." आणि महिनाभर त्याने माझ्या अंगणाकडे तोंड केलं नाही. भाजी मात्र पाठवायचा. वांग्यांवर राग काढायची आमच्याकडे पद्धत नाही.

शेवटी सूनच अडून बसली. अंगणवाडीच्या सेविकेनेही सांगितलं होतं, ते निमित्त झालं. ती, तिचा नवरा आणि नात असे तिघं सकाळच्या बसने वर्ध्याला गेले. त्या दिवशी तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला डॉक्टरीणबाई रिपोर्ट समजावून सांगणार होत्या, पुढचं काय ते ठरवणार होत्या. म्हणून ते मुक्कामाला नात्यातल्या एकाकडे राहिले.

तो दुसरा दिवस. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. मी ओट्यावर लसूण सोलत होते. म्हातारा स्वतःहून माझ्या फाटकातून आत आला. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. मागे गल्लीतली दोन-तीन माणसं हात पुसत उभी होती, म्हणजे वाटप माझ्याआधीच सुरू झालं होतं.

"घ्या बाई, पेढा. तुमचं चुकलं म्हून दोन घ्या."

मी एक तोंडात टाकला. खरं सांगते, मला आनंद झाला. माझं चुकलं असेल तर चुकू दे, मला कुठे बक्षीस मिळणार होतं? क्षणभर वाटलं, खरंच ती पोरगी फक्त हट्टी आणि उशिरा बोलणारी असेल.

"रिपोर्ट आला?" मी विचारलं.

"आला नं. पोट्ट्यानं फोटो धाडला. नव्वद!" त्याने मागच्या माणसांकडे पाहिलं. "शंभरापैकी नव्वद! आमच्या घरात कोनाले पडले नाई कधी नव्वद."

त्याने फोन माझ्या हातात दिला. फोटोच्या जागी नुसतं राखाडी धुकं होतं आणि मधोमध एक गोल फिरत होता. आमच्या गावात नेटवर्कचं असंच आहे. शब्द कसेबसे पोचतात, चित्र वाटेत अडकतं. धुक्याच्या खाली एक ओळ मात्र स्वच्छ आली होती. मुलाने चार्टखालचं जसंच्या तसं उतरवलं होतं: "श्रवण आलेख. स्पीकरवरून, दोन्ही कान मिळून. सरासरी ९०." आणि त्याच्या पुढे, "काय समजते?"

पेढा तोंडातच राहिला. गिळावा की थुंकावा, मला कळेना.

मागची माणसं गेली. मी त्याला म्हटलं, "बसा भाऊ." तो बसला. काठी गुडघ्यांत उभी धरली. त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की मला त्याच्याकडे बघवेना. सवयीने मी खाली पाहिलं, तर खाली कागद नव्हता. फोन होता, आणि त्यात धुकं.

माझ्याकडे एक पळवाट होती. "चित्र आल्याशिवाय मला काही सांगता येत नाही." हे वाक्य खोटं नव्हतं. नुसत्या ओळीवरून चार्ट सांगणं म्हणजे पाकीट बघून पत्र वाचणं. खुणा कुठे आहेत, रेषा सपाट आहे की उतरती आहे, जाड आवाज किती येतो, बारीक किती, काही म्हणजे काही कळत नाही. पण त्या ओळीतून एक गोष्ट कळत होती, आणि ती मला कळली होती. तेवढी लपवून ठेवणं म्हणजे त्याला गावभर आणखी पेढे वाटू देणं होतं.

"घरी यायले सांगतलं त्यायले," तो म्हणाला. "कायले थांबाचं डॉक्टरनीसाठी? नव्वद आले, झालं. मेथी काढाची आहे, उद्या बाजार आहे. दुपारची बस पकडा म्हटलं."

मग लसणाची परडी मी बाजूला ठेवली.

"भाऊ, हे गुण नाहीत."

"मंग काय व्हय?"

कागद असता तर पेन्सिल आपोआप शून्यावर गेली असती. शून्य वर, आकडे खाली वाढत जातात, हे दाखवायला काही लागत नाही, कागद स्वतः सांगतो. मी इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या कुंपणापलीकडे त्याची विहीर दिसत होती.

"तुमच्या विहिरीचं पाणी मोजता ना उन्हाळ्यात? किती हात खाली गेलं ते?"

"हो."

"पाच हातांवर असलं तर?"

"चांगलंच नं."

"हा आकडा तसा आहे. आवाज किती मोठा केला तेव्हा तिला ऐकू आला, त्याचा आकडा. तुम्हाआम्हाला वरच्या वरच ऐकू येतं. जितका आकडा मोठा, तितकं पाणी खाली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. इतक्या वर्षांत इतक्या बापांना, इतक्या आज्यांना सांगितलं, पण ते कळतं त्या क्षणी माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आधी काहीच होत नाही. मग डोळ्यांखालचं मांस सैल पडतं. मग माणूस तुमच्याकडे असं बघतो, जणू हे सगळं तुम्हीच केलं.

"नव्वद हात?" तो म्हणाला.

"हो."

"तं त्या विहिरीत पानी असते काय, बाई?"

मी म्हटलं, "असतं की नाही, ते चित्र आल्यावर सांगेन. सरासरीवरून तेवढं कळत नाही."

"थोडकुसं तं येत असन नं? ढोल आयकला तिनं. माही काठी आयकते. तुमच्या डोयानं पाह्यलं तुमी."

"पाहिलं."

"मंग अंदाज सांगा."

"अंदाज नाही सांगणार, भाऊ. ओळीत जेवढं लिहिलंय तेवढं सांगितलं. बोललेलं तिला ऐकू येत नाही, हे त्यात आहे. बाकीचं त्यात नाही."

त्याला राग आला. मला बरं वाटलं, रागाची मला सवय होती. तो म्हणाला, "मशीन बिघडली असन. पोट्टी घाबरली असन तिथं. तुमाले काय, तुमी असेच पाह्यले जिंदगीभर." मी ऐकून घेतलं. मग त्याला म्हटलं, "तुमच्या मुलाला फोन लावा. त्यांना थांबायला सांगा. त्या डॉक्टरीणबाईला भेटल्याशिवाय आले तर पुन्हा महिना जाईल, आणि तिचे महिने फुकट घालवायला उरलेले नाहीत."

त्याने लावला नाही. मग मीच माझ्या फोनवरून लावला. आवाज तुटत होता, म्हणून मी गावच्या पाण्याच्या टाकीखालच्या चबुतऱ्यावर जाऊन उभी राहिले. आमच्या गावात तिथेच नीट लागतो. तो माझ्या मागे मागे आला, पण दोन पावलं लांब उभा राहिला. मी स्पीकर चालू केला.

फोन सुनेने उचलला. नवरा बसची वेळ विचारायला गेला होता.

मी म्हटलं, "चार्टचा फोटो इकडे उघडतच नाहीये. कागद तुझ्याजवळ आहे का? असेल तर खुणा कुठे कुठे आहेत तेवढं वाचून दाखव. मी इथे मामाजींना समजावते."

मागे दवाखान्याच्या वऱ्हांड्यातला गलका ऐकू येत होता.

"काकू, कागद सकाळीच इथं फाइलीत जमा केला," ती म्हणाली. "पन मले चार्ट नाई लागत."

"म्हणजे?"

"मी त्या खोलीत होती नं. मांडीवर घेऊन बसली होती तिले. दोन बाजूनं दोन स्पीकर. त्या म्याडमनं सांगतलं, आवाज आला तरी तुमी हलाचं नाई, लेकराले कळू द्याचं नाई. मी नाई हलली. मले आवाज आयकू येत होता, काकू. पहिले बारीक, मंग मोठा, मंग लय मोठा. कान फुटतेत असं झालं मले. आन् ती माह्या मांडीवर बांगडी फिरवत बसली होती."

मागे काठीच्या शेंबीचा दगडावर आवाज झाला. तो खाली बसला होता.

"मामाजी हायेत काय तिथं?" तिने विचारलं.

"आहेत."

"त्यायनं घरी बोलावलं. हे म्हनते चला. मी काय करू?"

मी फोन म्हाताऱ्याच्या पुढे धरला. हुकूम त्याचा होता, मोडायचा तर त्यानेच. मी दिलेला सल्ला त्या घरात टिकला नसता, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. तो फोनकडे बघत बसला. तिकडून ती "हॅलो, हॅलो" म्हणत होती.

"थांबा," तो म्हणाला. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "थांबा तुमी. डॉक्टरनीले भेटूनच येजा. मेथीचं पाह्यतो मी."

आणि फोन मला परत दिला.

दिवसभर तो त्याच्या ओट्यावर बसून होता. मेथी काढायला मजूर आले नि गेले. लोक येता-जाता विचारत होते, "भाऊ, पेढे कायचे?" तो मान हलवायचा.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास फोनमधलं धुकं आपोआप फिटलं. तो फोन घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. चित्र आलं होतं.

मी पेन्सिल घेतली. काचेवर पेन्सिल टेकवता येत नाही, म्हणून नुसती वर धरली. "डावीकडे जाड आवाज," मी सांगायला लागले, "उजवीकडे जावं तसतसे बारीक. वरून खाली आवाज मोठा मोठा होत जातो. ज्या खुणा आहेत, तिथे तिला ऐकू आलं." खुणांची रेषा डावीकडे सुरू होत होती, बऱ्यापैकी वर, आणि तिथून धपकन खाली उतरत होती, उतारावरून दगड गेल्यासारखी. अगदी उजवीकडच्या खुणेला खाली बाण होता. म्हणजे यंत्राचा आवाज संपला, तरी ऐकू आलं नाही.

"ही पहिली बघा," मी म्हटलं. "सगळ्यात डावीकडची. ही पंचावन्नवर आहे. ढोल, ट्रॅक्टर, दार आपटणं, हे इथे असतं. म्हणून ती ढोलावर नाचली. तखतावर काठी मारता तेव्हा तिला ऐकू येतं, आणि बुडाखाली धक्काही लागतो."

त्याने मान वर केली. "म्हंजे मी खोटा नवतो."

"नव्हता."

"आन् मंग नव्वद कसे?"

"सरासरी मधल्या तीन खुणांची काढतात. माणसाचं बोलणं समजायला त्या लागतात म्हणून. ही पहिली त्यात धरत नाहीत."

तो बराच वेळ त्या पहिल्या खुणेकडे बघत राहिला. "माही काठी धरलीच नाई त्यायनं," तो म्हणाला.

मी हसले नाही. मला रडू येत होतं आणि मी ते पेन्सिलीवर ढकलत होते.

"माहा आवाज कुठं हाय यात?" त्याने विचारलं. "मी हाका मारतो तो?"

मी पेन्सिल रेषेच्या वरच्या रिकाम्या जागेवर नेली. "इथे. रेषेच्या वर जे जे आहे ते तिच्यापर्यंत पोचत नाही. अगदी जवळून ओरडलात तर नुसती गुरगुर पोचेल. शब्द नाही."

"चार वर्सं," तो म्हणाला.

मी त्याला पुढचं सांगितलं. कानाचे साचे घेतील, मशीन लावून बघतील, झोपवून करायची एक तपासणी असते ती करतील. मशीनने जाड आवाज उचलले जातील, बारीक उचलले जातील की नाही, ते आज कोणी सांगू शकत नाही. ऑपरेशनबद्दलही विचारतील, आणि त्या वेळी घरात एकाने तरी हो म्हणायला हवं. खूप शिकवावं लागेल. त्यातलं त्याच्यापर्यंत किती पोचलं, कोण जाणे. तो मध्येच उठला आणि गेला. पेढ्यांचा पुडा माझ्या ओट्यावरच राहिला होता. मला तो कोणाला द्यावासा वाटेना, आणि अन्न टाकवेना. सकाळी मुंग्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं आले. मी फाट्यावर गेले होते. सून बसमधून उतरली तेव्हा रस्त्याकडेच्या एका बाईने तिला लांबूनच हाक मारली, "काय वं, पोट्टीले नव्वद भेटले म्हने! पेढे खाल्ले आमी." सून थांबली. मला वाटलं आता ती फुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "हो," आणि चालायला लागली. मुलगी तिच्या कडेवर होती, दोन्ही कानांच्या पाळीला साच्याच्या मसाल्याचा निळसर डाग राहिला होता.

त्यांच्या अंगणापर्यंत मी सोबत गेले. म्हातारा ओट्यावर उभा होता. मुलगा हातपाय धुवायला गेला, सून पाणी आणायला आत. पोरगी आल्या आल्या तखतावर चढली, आमच्याकडे पाठ करून आपला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल फळीवरून चालवायला लागली. बैलाची चाकं कुरकुरत होती.

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. ती घसरली, तर नीट उचलून कोपऱ्यात उभी केली. मग तो तखताजवळ गेला, हात मागे बांधून उभा राहिला, आणि हाक मारली.

"माय."

बैल चालत होता.

"ओ माय. आबाजी हाये मी."

बैल फळीच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. पाठीवरची वेणी अर्धी सुटली होती.

"माय वं," तो म्हणाला, या वेळी मोठ्याने. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. मुलगी बैलाशी खेळत राहिली.

पाण्याचा गडू घेऊन सून दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिने गडू उंबऱ्यावर ठेवला, पुढे आली, लेकीच्या खांद्याला हळूच हात लावला आणि तिचं तोंड म्हाताऱ्याकडे वळवलं. त्याला पाहिल्याबरोबर पोरगी खळखळून हसली, बैल उचलून त्याच्या हातात दिला आणि काठी शोधायला लागली. धाड झाल्याशिवाय आबाजींचा खेळ सुरू होत नसे.

म्हातारा बैल हातात धरून उभा होता. तो नातीकडे बघत नव्हता, सुनेकडे बघत होता.

"तू सांगत होती," तो म्हणाला. "वर्षभर सांगत होती तू, माय."

दवाखान्यात नाही, बसमध्ये नाही, त्या बाईला हो म्हणतानाही जी रडली नव्हती, ती तेव्हा उंबऱ्यावर बसून रडली. तोही तिच्यापासून थोडा दूर, ओट्याच्या कडेवर खाली बसला. मुलगी काठी शोधायचं सोडून दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. एकदा आईच्या तोंडाकडे बघायची, एकदा आबाजीच्या. काय झालं ते तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.